ओळख ना पाळख, पोच मात्र हवी

वाचकाचं पत्र

मी मूळची कराडची, वय छत्तीस. दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात आलो. मलाही इथे एका विमा कंपनीत डेटा ॲनालिस्टची नोकरी मिळाली. काम चोख आहे असं मॅनेजर स्वतः म्हणतात. पण वर्षअखेरच्या रिव्ह्यूमध्ये त्यांनी लिहिलं की मी 'अप्रोचेबल' वाटत नाही. मी कधी कुणाशी भांडले नाही, आवाज चढवला नाही.

शेजारी एक बाई रोज कुत्रा फिरवतात. त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "तुमच्या मिसेस आमच्यावर नाराज आहेत का?" सात वर्षांची मुलगी म्हणते, "आई, शाळेत न्यायला येतेस तेव्हा असा चेहरा नको ना करू." कसला चेहरा? हा माझा साधा चेहरा आहे!

इथे जो तो ओळख ना पाळख, बघून हसतो. मला ते खोटं वाटतं. आमची आई म्हणायची, विनाकारण दात काढू नयेत, आणि परक्या पुरुषाकडे बघून तर नाहीच नाही. आता या वयात मी नाटक शिकायचं का? आणि शिकले तर मी मी राहीन का?

— एक वाचक, कोलंबस

उत्तर

प्रिय मैत्रीण,

आधी एक विचारते. त्या कुत्रावाल्या बाई समोरून येत असतात तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे बघता का? माझा अंदाज, बघता. चांगलं निरखून बघता. कारण आपण सगळ्याच बघतो. कराड-सातारा एसटीत समोरच्या सीटवर बसलेली बाई आपल्याला केसांपासून चपलांपर्यंत न्याहाळते, आपण तिला न्याहाळतो, तिच्या पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडीसुद्धा बघून घेतो, आणि या सगळ्यात दोघींच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. बघणं आपल्याकडे फुकट आहे.

ओहायोत ते फुकट नाही. तुमच्या अडचणीचं मूळ मला न हसण्यापेक्षा इथे जास्त दिसतं. तिथे अनोळखी माणसाच्या नजरेला नजर भिडली की त्याचं काहीतरी देणं लागतं. नजर भिडली आणि चेहरा कोराच राहिला, तर समोरचा त्याचा अर्थ लावायला लागतो: ही चिडली आहे, किंवा माझ्यात काही खोट बघते आहे. हाच कोरा चेहरा फोनमध्ये किंवा जमिनीकडे बघत गेला असता तर 'घाईत दिसतेय' एवढंच वाटलं असतं. म्हणजे नुसत्या चेहऱ्याने गैरसमज होत नाही, नुसत्या नजरेनेही होत नाही. दोन्हींची आपली जी देशी जोडणी आहे, रोखून बघायचं आणि काहीच द्यायचं नाही, ती तिथे गुरकावल्यासारखी पोचते.

एर्व्हिंग गॉफमन नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९६३ साली अमेरिकन रस्त्यावरच्या या रीतीचं बारीक वर्णन करून ठेवलंय. दोन अनोळखी माणसं समोरासमोर येताना साधारण आठ फुटांवर येईपर्यंत एकमेकांकडे ओझरतं बघतात, आणि शेजारून जाताना नजर खाली घेतात. त्याला त्यांनी गाड्यांचे दिवे मंद करण्याची उपमा दिली आहे. आपल्याला ती लगेच कळेल, कारण आपल्या प्रत्येक ट्रकच्या पाठीवर तेच लिहिलेलं असतं: यूज डिपर ॲट नाइट. तुम्ही, मैत्रीण, अप्पर लावून चालला आहात. समोरच्याचे डोळे दिपतात, आणि तुम्हाला वाटतं की मी तर नुसती माझ्या लेनमधून चालले होते.

गॉफमन यांच्या वर्णनात हसू नाही, हे लक्षात घ्या. मोठ्या शहरात, न्यूयॉर्कच्या सबवेत वगैरे, आजही एवढ्यावरच भागतं. तिथे सगळ्यांकडे बघून हसायला लागलात तर लोक दोन पावलं बाजूला सरकतील. पण तुम्ही राहता मध्य-पश्चिमेत, आणि तिथली रीत एक पायरी पुढे जाते. नजर भिडली तर ती खाली घेण्याआधी ओठांचे कोपरे किंचित वर न्यायचे किंवा मान हलवायची. मी स्वतः नव्वदच्या दशकात तीन वर्षं विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला काढली. पहिल्या आठवड्यात पोस्टाच्या दारात एका आजोबांनी माझ्याकडे बघून अशी मान हलवली. मी थांबले, आणि यांना आपण कुठे बघितलंय हे आठवत बसले. ते केव्हाच निघून गेले होते.

या हसण्याला मी मनातल्या मनात 'पोच' म्हणायला लागले. रजिस्टर पत्राची पोच येते तशी. पत्र मिळालं, सही केली, संपलं. पोस्टमनचं आपल्यावर प्रेम आहे असा त्या सहीचा अर्थ नसतो, आणि सही केली नाही तर मात्र पत्र गहाळ झालं असं धरलं जातं. 'तू इथे आहेस हे मला दिसलं, माझ्याकडून तुला काही धोका नाही, पुढे जा.' त्या अर्ध्या सेकंदात एवढाच मजकूर असतो.

ही पोच न मिळाल्याचा परिणाम मोजलाही गेलाय. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्या आवारात त्यांची एक सहायक समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाकडे कधी नुसती नजर देई, कधी नजर देऊन हसे, आणि कधी त्या माणसाच्या दिशेने पण त्याच्या आरपार बघे, जणू तिथे कुणी नाहीच. पाठोपाठ दुसरा सहायक त्याच माणसाला थांबवून विचारी, गेल्या मिनिटभरात तुम्हाला इतरांपासून कितपत तुटल्यासारखं वाटलं? ज्यांच्याकडे आरपार बघितलं गेलं होतं त्यांना जास्त तुटल्यासारखं वाटलं होतं. अनोळखी व्यक्ती, एक क्षण, आणि तरी. आता तुमच्या त्या शेजारीण बाई आठवा. त्या गेलं दीड वर्ष रोज सकाळी तुम्हाला पत्र टाकताहेत, आणि एकाचीही पोच आलेली नाही. शेवटी बिचाऱ्यांनी तुमच्या नवऱ्याकडे चौकशी केली. मला तर तो कज्जेदलालीचा नाही, काळजीचा प्रश्न वाटतो.

'खोटं' या शब्दाबद्दल. घरी पाहुणे आले की आपण "या, बसा, चहा टाकते" म्हणतो. त्या क्षणी आपल्याला प्रत्येक पाहुण्याचा उमाळा आलेला असतो का? निघताना 'जाते' न म्हणता 'येते' म्हणतो, आणि कित्येकदा पुन्हा यायचा काही विचार नसतो. त्याला आपण खोटं म्हणत नाही, रीत म्हणतो, कारण त्या शब्दांचा भाव काय आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. अमेरिकन माणसाचा 'हाऊ आर यू?' तसाच. तो चौकशीचा प्रश्न नाही. त्याला 'गुड, हाऊ आर यू?' असं चालता चालताच उत्तर द्यायचं असतं, आणि कंबरदुखीची हकिगत सांगायला थांबायचं नसतं. खोटेपणा तेव्हा होतो जेव्हा एका बाजूची समजूत वेगळी असते. आजवर ती वेगळी होती ती तुमची. ते जेवढं देत होते त्याहून जास्त त्यांनी देऊ केलंय असं तुम्ही धरलंत, मग ते पाळत नाहीत म्हणून त्यांना खोटं ठरवलंत. हा अनुभव आपल्या बहुतेकांचा असतो. सुपरमार्केटातली बाई इतकं गोड बोलली, आणि पुढच्या आठवड्यात ओळखही दाखवली नाही! बाई गं, तिने ओळख दिलीच नव्हती, पोच दिली होती.

तुमच्या आईंचं चुकलं का? मुळीच नाही. कराडच्या पेठेत वाढलेल्या मुलीला तिथला चेहरा शिकवायचा असतो, आणि त्यांनी तो उत्तम शिकवला. विनाकारण हसणाऱ्याला आपल्याकडे किती शब्द आहेत बघा: दात काढणं, दात विचकणं, फिदीफिदी, बत्तीशी दाखवणं. एकातही कौतुक नाही. पोलंडमधले मानसशास्त्रज्ञ कुबा क्रिस यांनी अनेक देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. चव्वेचाळीस संस्कृतींमधल्या लोकांना त्यांनी हसऱ्या आणि न हसणाऱ्या चेहऱ्यांचे फोटो दाखवून विचारलं, हे माणूस किती हुशार वाटतं? काही देशांत हसरा चेहरा जास्त हुशार ठरला. काही देशांत हसल्यामुळे तो कमी हुशार ठरला. या दुसऱ्या यादीत जपान, रशिया, इराण आहेत आणि भारतही आहे. तेव्हा गंभीर चेहरा म्हणजे शहाणपण, ही तुमच्या आईंची एकटीची समजूत नाही.

असा फरक का पडतो, याचं एक उत्तर मला पटतं. गेल्या पाचशे वर्षांत जिथे नाना देशांतून माणसं येऊन वसली, तिथले लोक चेहऱ्यावर भाव जास्त उघडपणे दाखवतात, असं २०१५ सालच्या एका संशोधनात दिसलं. ओहायोच्या एखाद्या वस्तीत जर्मन, आयरिश, इटालियन, पोलिश, दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं, असे सगळे शेजारी येऊन पडले. भाषा एक नाही, कुणाचा कोण ते ठाऊक नाही. मग मी बरा माणूस आहे हे चेहऱ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावं लागतं. आपल्या गावात ती गरजच कुठे होती? अनोळखी माणूस दिसला तर आपण हसत नाही, सरळ विचारतो: "कुठलं गाव? कुणाकडे आलात? अच्छा, म्हणजे पाटलांच्या धाकटीचे दीर का?" दोन मिनिटांत त्याचं गणगोत लागतं आणि तो अनोळखी राहतच नाही. आपला जिव्हाळा तोंडच्या शब्दांत आणि हातच्या पाण्याच्या तांब्यात असतो. त्यांच्यासाठी तो ओठांच्या कोपऱ्यात असतो. तुम्ही त्यांच्या ओठांकडे बघून खोटं म्हणता. कुणी आपल्याकडच्या 'कुठलं गाव, पगार किती' ऐकून आपल्याला भोचक म्हणतं.

आणि आपणही पोच द्यायचो नाही असं नाही हं. राजगडाची पायवाट चढताना वरून उतरणारा अनोळखी गडी "जय शिवराय" म्हणतो, आपणही म्हणतो. वारीत कुणीही कुणाला "माऊली" म्हणून वाकतं. विदर्भात सकाळी रस्त्यावर 'राम राम' होतो. वाट एक आहे, संकट आलं तर हाच माणूस मदतीला येणार आहे, हे जिथे मनाला ठाऊक असतं तिथे आपला चेहराही मोकळा होतो. कोलंबसमधला तुमचा फुटपाथ तुम्हाला अजून एसटी स्टँड वाटतोय. त्यांना तो गडाची वाट वाटतो.

एक सावधगिरी. 'परदेशात हसावं लागतं' असा नियम मनात पक्का करू नका, कारण तो अटलांटिकच्या पलीकडे लगेच मोडतो. माझा भाचा अमेरिकेत शिकून नोकरीसाठी जर्मनीत स्टुटगार्टला गेला आणि तिथे जिन्यात भेटेल त्याच्याकडे बघून हसायला लागला. महिनाभराने खालच्या मजल्यावरच्या आजींनी त्याला गंभीरपणे विचारलं, "तुम्हाला काही हवंय का?" वॉलमार्ट ही अमेरिकन कंपनी १९९७ साली जर्मनीत गेली तेव्हा तिच्या दुकानांतल्या हसऱ्या कॅशिअर बायका तिथल्या गिऱ्हाइकांना विचित्र वाटायच्या. काही पुरुषांनी तर त्याचा भलताच अर्थ काढला. २००६ साली कंपनीने तिथून गाशा गुंडाळला. त्याची कारणं पुष्कळ होती, हसण्याचा किस्सा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला. रशियात तर म्हणच आहे की विनाकारण हसणं हे मूर्खाचं लक्षण. तुमच्या आईंना मॉस्कोत छान करमलं असतं.

आता तुमचा खरा मुद्दा, आणि त्याला भित्रेपणा म्हणता येणार नाही: परक्या पुरुषाकडे बघून हसणं. 'हसली की फसली' ऐकत वाढलेल्या बाईचा कोरा चेहरा ही तिची छत्री असते, आणि ती बंद कर म्हणणं सोपं नाही. मीही म्हणणार नाही. दिवसाउजेडी, वस्तीतल्या फुटपाथवर, ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये पोच द्या. रात्री पार्किंगमध्ये, रिकाम्या बसस्टॉपवर, किंवा ज्याची नजर नको वाटते अशा कुणालाही काहीही द्यायचं नाही. तिथल्या बायकाही देत नाहीत. रस्त्यावरच्या परक्या पुरुषाने 'जरा हस की' म्हणण्यावर अमेरिकन बायका वर्षानुवर्षं चिडून लिहीत आल्या आहेत. पुरुषांना पोच द्यायची तर हसूही लागत नाही. ओठ मिटलेले ठेवून हनुवटी एकदा खाली आणायची, झालं. हा मानेचा होकार आहे, आमंत्रण नाही, आणि तिथल्या पुरुषांना तो अचूक कळतो, कारण ते आपसात तेच करतात.

प्रत्यक्ष करायचं कसं, ते सांगते, कारण 'जरा हसत जा' या सल्ल्याने आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

माणूस दूर असेल तर त्याच्याकडे बघत राहू नका. झाडं बघा, रस्ता बघा. आपण इथेच चुकतो. वीस पावलांवरून नजर लावतो, मग हसू एवढा वेळ धरून ठेवावं लागतं की ते कसनुसं होतं. तो साधारण तीन मीटरवर, म्हणजे चार-पाच पावलांवर आला की एकदा डोळ्यांत बघा, भुवया किंचित उचला, मिटल्या ओठांचे कोपरे वर न्या, आणि नजर पुन्हा वाटेवर. सगळं मिळून एक सेकंद. दात दाखवायची गरज नाही, तुमच्या आईंचा नियम शाबूत राहतो. भुवयांचं विसरू नका. आपल्यापैकी पुष्कळांच्या भुवया दाट आणि डोळ्यांजवळ असतात, आणि खाली ओढलेली भुवई ही रागाची खूण म्हणून वाचली जाते. ती दोन मिलिमीटर वर गेली की ओठांना फारसं काम उरत नाही.

बिघडलं हे कसं ओळखायचं? समोरच्याने चाल मंद केली किंवा तो थांबला, तर तुमची नजर जास्त वेळ टिकली. त्याला वाटलं तुम्हाला बोलायचंय. त्याने काहीच प्रतिसाद न देता नजर वळवली, तर बहुधा तुमची पोच फार उशिरा निघाली, तो पुढे गेल्यावर. पुढच्या खेपेला अर्धं पाऊल आधी. आणि कधी कुणी देतच नाही. त्याचा दिवस वाईट असेल, तुमचा हिशेब पुरा झाला.

सुरुवात त्या शेजारीण बाईंपासून करा, पण दीड वर्षाची थकबाकी नुसत्या ओठांनी फेडू नका. एकदा थांबा आणि कुत्र्याचं नाव विचारा. माणसाचं गणगोत विचारणं त्यांना भोचक वाटेल, कुत्र्याचं चालतं. मग सरळ सांगा: "आमच्याकडे अनोळखी माणसाला बघून हसायची पद्धत नाही, मला सवय होतेय." मी हे वाक्य मॅडिसनमध्ये चार-पाच जणांना म्हटलं, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. एका बाईने तर तिच्या फिनलंडहून आलेल्या आजोबांची गोष्ट सांगितली. म्हणे, ते साठ वर्षं अमेरिकेत राहून फक्त घोड्याकडे बघून हसले.

ऑफिसचं वेगळं आहे, कारण तिथे ते कागदावर आलंय. 'अप्रोचेबल नाही' हा शेरा धुक्यासारखा असतो, त्याला धरता येत नाही. म्हणून मॅनेजरकडे जाऊन वाद न घालता विचारा: "असं नेमकं कुठे जाणवलं? दोन प्रसंग सांगाल का?" मीटिंगमध्ये? व्हिडिओ कॉलवर? की कुणी टेबलाशी आलं तेव्हा? बहुतेक वेळा उत्तर एकाच जागी सापडतं. माझ्याकडे पूर्वी सल्ल्यासाठी आलेल्या एका नाशिककर मुलीच्या बाबतीत ती जागा निघाली टेबलाची. कुणी प्रश्न घेऊन आलं की ती स्क्रीनवरून मान वर करायची, कपाळाला आठी घालून ऐकायची, आणि लगेच अचूक उत्तर द्यायची. तिच्या मते ती पूर्ण लक्ष देत होती. येणाऱ्याला वाटे, आपण हिला त्रास दिला. तिने दोनच बदल केले. माणूस आला की आधी हात कीबोर्डवरून बाजूला आणि "हाय" म्हणायचं, मग प्रश्न ऐकायचा. आणि विचार करताना तोंडाने सांगायचं, "एक सेकंद, विचार करतेय." आठी तशीच राहिली, पण आता तिला नाव मिळालं होतं. (जाता जाता, तिने चष्म्याचा नंबरही तपासून घेतला, तो वाढला होता. आठी घालून बघणाऱ्या प्रत्येकीला मी आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवते. अर्धी कीर्ती तिथेच सुधारते.)

व्हिडिओ कॉलवर चेहरा चौकटीत मोठा दिसतो, आणि ऐकतानाचा आपला कोरेपणाही तेवढाच मोठा. शिवाय आपण 'हो' म्हणून मान जी डावी-उजवीकडे डोलावतो ती तिथे 'बघू' किंवा 'नाही' अशी वाचली जाते. तेव्हा होकार वर-खाली आणि शब्दांत द्या: "कळलं, लिहून घेतेय." एखाद्या कॉलचं रेकॉर्डिंग मिळालं तर आवाज बंद करून स्वतःकडे पाच मिनिटं बघा. नको वाटेल, पण बघा. शेजारीण बाई रोज काय बघतात ते दिसेल.

हे सगळं केल्यावरही मॅनेजरना प्रसंग सांगता आले नाहीत, नुसतंच "तू जरा हसत जा" म्हणाले, तर तिथे थांबा. तेवढाच गंभीर चेहरा असलेल्या पुरुष सहकाऱ्याच्या रिव्ह्यूत हाच शेरा आहे का, हा प्रश्न रास्त आहे. तो कुणाला कधी विचारायचा हे तुम्ही ठरवा. पण चेहरा हे तुमच्या कामाचं मोजमाप होत असेल तर कुठल्या कामाचं आणि कसं, ते त्यांनी लेखी सांगायला हवं.

उरला तुमचा शेवटचा प्रश्न. २००३ सालच्या एका प्रयोगात अमेरिकन लोकांना जपानी आणि जपानी वंशाच्या अमेरिकन माणसांचे फोटो दाखवले होते. चेहरे निर्विकार होते तेव्हा कोण कुठला हे त्यांना फारसं ओळखता आलं नाही. तेच चेहरे काही भाव दाखवत होते तेव्हा जास्त ओळखता आलं. संशोधकांनी त्याला न बोललेला 'ॲक्सेंट' म्हटलं. म्हणजे भाव दाखवण्यालाही गावाची ढब असते. तुम्ही इंग्रजी बोलताना कराडचे हेल गेले नसतील, आणि ऑफिसात इंग्रजी बोलून घरी आल्यावर मराठी विसरला नसाल. ओठांचंही तसंच होईल. तुम्ही ओहायोचं हसू कराडच्या ढबीने हसाल. आणि डिसेंबरात सुट्टीवर मुंबईला उतरलात की टॅक्सीवाल्यासमोर तुमचा जुना चेहरा आपोआप परत येईल, बघाच.

मुलीची मात्र आठवण ठेवा, कारण तिच्याकडे जुना चेहरा नाहीच. आम्ही परत आलो तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर ती बाकावरच्या, टपरीवरच्या, खिडकीतल्या प्रत्येकाकडे बघून हसत होती आणि माझा जीव खालीवर होत होता. पेरूची पाटी घेऊन बसलेल्या एका आजींसमोर ती थांबली, तोंड भरून हसली आणि म्हणाली, "हाय!"

आजींनी तिला नीट न्याहाळलं. "काय हाय?"

"हाय!" मुलगी पुन्हा म्हणाली.

"आगं पर काय हाय? आन् कुनाची गं तू?" मग माझ्याकडे बघून, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, त्यांनी एका पेरूला मीठ लावून तो तिच्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत. "लई ग्वाड हाय पोरगी," त्या म्हणाल्या, "पर ध्यान ठिव बाई."